मेन बंद केला, तरी पेटीत वीज होती

एका घरी जुनी फ्यूजची पेटी काढून एमसीबीचा बोर्ड बसवायचं काम होतं. पाहणीच्या दिवशी मेन बंद केला आणि पहिलीच ग्रिप, म्हणजे ओढून काढायचा तो चिनीमातीचा पांढरा ठोकळा, काढून उलटी केली. दोन पितळी स्क्रूंच्या मध्ये तारेचे तीन पदर एकत्र पिळून बसवले होते. त्याखालची चिनीमाती काळवंडली होती. घरातले आजोबा शेजारीच उभे होते. म्हणाले, “एकपदरी तार सारखी उडायची. तीन पदर घातले, तेव्हापासून एकदाही उडाली नाही बघा.”

त्यांनी हे समाधानाने सांगितलं, म्हणून मला त्यांना खाली बसवून समजावून सांगावं लागलं. तार उडत होती कारण त्या सर्किटवर भार जास्त होता. तीन पदर घातल्यावर भार कमी झाला नाही. फक्त वितळायची पाळी ग्रिपमधल्या तारेवरून भिंतीतल्या वायरवर गेली.

पेटी बदलण्याबद्दल लोक दोन टोकांना असतात. काहींना ते अर्ध्या तासाचं काम वाटतं, काहींना उगाचचा खर्च. आधी बदलायची का ते सांगतो. मग जास्त वेळ घेऊन वीज बंद कशी करायची ते सांगतो, कारण या कामात जीव जातो तो तिथे. हे काम परवाना असलेल्या वायरमननेच करायचं असतं, पण ते नीट होतंय की नाही हे घरातल्या माणसाला ओळखता आलं पाहिजे.

## फ्यूजची तार नेमकी कधी वितळते?

घरात येणाऱ्या दोन तारांपैकी फेज ही वीज आणणारी आणि न्यूट्रल ही ती परत नेणारी. तिसरी अर्थिंगची तार एरवी रिकामी असते. बिघाड झाला तर वीज जमिनीकडे जावी म्हणून ती ठेवलेली असते. फेजच्या वाटेत मुद्दाम एक बारीक, कमजोर तार घालायची, म्हणजे प्रवाह वाढला की आधी ती वितळेल आणि वाट तुटेल. जुन्या फ्यूजची कल्पना इतकीच आहे आणि ती चांगलीच आहे.

अडचण अशी की ही तार फार उशिरा वितळते. १५ अँपिअरची म्हणून बांधलेली तार साधारण दुप्पट, म्हणजे ३० अँपिअरच्या आसपास प्रवाह गेल्याशिवाय वितळत नाही. आता समजा एकाच सर्किटवर २००० वॅटचा गीझर, २००० वॅटचा हीटर आणि १५०० वॅटची किटली एका वेळी चालू आहेत. एकूण ५५०० वॅट. भागिले २३० व्होल्ट, म्हणजे जवळपास २४ अँपिअर. १५ अँपिअरची तार हे निमूटपणे सहन करते. भिंतीतली वायर मात्र १५-१६ अँपिअरच्या हिशोबाने टाकलेली असेल तर ती तापत राहते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दीडपट झाला की उष्णता सव्वादोनपट होते. वायरवरचं आवरण एका दिवसात जळत नाही. ते आधी कडक होतं, मग त्याला तडे जातात, आणि मग एखाद्या दिवशी दोन तारा एकमेकींना टेकतात.

१६ अँपिअरचा एमसीबी हाच भार वेगळ्या पद्धतीने घेतो. एमसीबी म्हणजे आपोआप पडणारा स्विच. त्याच्या आत दोन यंत्रणा असतात. एक दोन धातूंची पट्टी, जी तापली की वाकते आणि खटका सोडते. ही जास्त भारासाठी. दुसरी छोटी विद्युतचुंबकाची गुंडाळी, जी शॉर्टसर्किट झालं की क्षणात खटका ओढते. घरगुती एमसीबीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्याने आपल्या आकड्याच्या १.४५ पट प्रवाहाला तासाभराच्या आत पडायलाच हवं. १६ ला १.४५ ने गुणलं की २३.२ येतात. वरच्या उदाहरणातले २४ अँपिअर त्याच्या पुढे आहेत, म्हणजे एमसीबी पडणार. आणि त्याला कोणी तीन पदर घालू शकत नाही.

## एमसीबी असला की शॉक बसत नाही का?

बसतो. हा गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटतो. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. माणसाच्या छातीतून काही दशांश अँपिअरसुद्धा प्राणघातक ठरतात आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला ते जाणवतही नाहीत.

माणसासाठी असतो आरसीसीबी. त्याचं काम दारावर बसलेल्या पहारेकऱ्यासारखं आहे. फेजमधून किती वीज आत गेली आणि न्यूट्रलमधून किती परत आली, एवढंच तो मोजतो. दोन्ही आकडे जुळले तर गप्प. परत येणारी वीज कमी भरली, म्हणजे कुठून तरी, कदाचित कोणाच्या तरी अंगातून, ती जमिनीकडे गेली. फरक ३० मिलिअँपिअरला पोचायच्या आत तो दोन्ही तारा तोडतो. निम्म्या फरकाला, म्हणजे १५ मिलिअँपिअरपर्यंत, त्याने पडू नये, आणि १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडला तरी तो बरोबरच आहे. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

त्याची मर्यादाही सांगायला हवी. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरली तर गेलेली सगळी वीज अंगातून फिरून न्यूट्रलमध्येच परत येते. हिशोब जुळतो आणि आरसीसीबी पडत नाही. आणि बहुतेक आरसीसीबी जास्त भाराला अजिबात पडत नाहीत, त्यामुळे त्याच्या सोबत एमसीबी लागतातच.

## वीज बंद करण्याचा क्रम

आता त्या घरातलं प्रत्यक्ष काम. पेटीत सहा ग्रिपा, वर लोखंडी मेन स्विच, त्याच्या वर मीटर. घरात इन्व्हर्टर होता आणि दोन खोल्यांचे दिवे त्याच्यावर होते.

पहिली गोष्ट, घरातल्या सगळ्यांना सांगणं. कोणी ऑक्सिजनच्या यंत्रावर आहे का, लिफ्टमध्ये कोणी आहे का, संगणकावर काही अर्धवट आहे का. मग गीझर, हीटर, पंप अशी मोठी उपकरणं त्यांच्या त्यांच्या बटणावर बंद करायची. भार चालू असताना जुना मेन खाली ओढला की आतल्या पात्यांमध्ये ठिणगी पडते, आणि पंचवीस-तीस वर्षांच्या पात्यांना ती सोसेलच असं नाही.

दुसरी गोष्ट मेन नाही. दुसरी गोष्ट म्हणजे वीज आणखी कुठून येऊ शकते ते शोधणं. इन्व्हर्टर, जनरेटर, छतावरचं सोलर, शेजारच्या घरातून किंवा जिन्यातून आलेली एखादी वायर. इन्व्हर्टरची अडचण अशी की तो वीज गेली की चालू होण्यासाठीच बनवलेला आहे. तुम्ही मेन बंद करता आणि त्याच क्षणी तो बॅटरीवरून त्याच तारांमध्ये वीज सोडतो. म्हणून आधी इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद, मग त्याचा भिंतीतला प्लग बाहेर, आणि बॅटरीला वेगळा ब्रेकर असेल तर तोही खाली. नुसता प्लग काढून चालत नाही. प्लग काढणं म्हणजे इन्व्हर्टरच्या दृष्टीने वीज जाणंच.

तिसरी गोष्ट मेन बंद करणं, आणि चौथी म्हणजे तो बंदच राहील याची सोय. मेनच्या दांड्याला भोक असेल तर तिथे कुलूप लावायचं आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. “काम चालू आहे, मेन लावू नका” अशी चिठ्ठी अडकवायची. सहाही ग्रिपा काढून पिशवीत घालून स्वतःजवळ ठेवायच्या. हे अति वाटेल, पण बाहेरून आलेला मुलगा अंधार बघून सवयीने मेन वर करतो. त्याची काही चूक नसते, त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

पाचवी गोष्ट, वीज खरोखर गेली आहे हे सिद्ध करणं. इथे बहुतेक लोक खिशातला पेचकसवाला टेस्टर लावतात, दिवा लागला नाही की कामाला लागतात.

## टेस्टर लागला नाही, मग वीज नाही ना?

पेचकसवाल्या टेस्टरमधला छोटा दिवा फेजपासून तुमच्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अगदी नगण्य प्रवाहावर पेटतो. तुम्ही लाकडी घडवंचीवर रबरी तळव्याचे बूट घालून उभे असाल तर तो मिणमिणतो किंवा पेटतच नाही. उन्हात पेटलेला दिसत नाही. टेस्टर बिघडला असेल तरीही तो लागत नाही, आणि बिघडलेला टेस्टर व वीज नसलेली तार दिसायला अगदी सारख्याच.

म्हणून दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर लागतो, ज्याच्या दोन सळया दोन तारांना लावून त्यांच्यातला दाब थेट मोजता येतो. साधा डिजिटल मल्टिमीटर इथे गोंधळ घालू शकतो. भिंतीत शेजारून चालू वायर जात असेल तर बंद तारेवरही तो ४०-५० व्होल्ट दाखवतो. हा दाब पोकळ असतो. दोन टोकांचा टेस्टर स्वतः थोडा प्रवाह ओढतो, त्यामुळे पोकळ दाब लगेच शून्यावर येतो आणि खरा दाब टिकतो.

तपासायची पद्धत ठरलेली आहे. आधी टेस्टर एखाद्या चालू ठिकाणी किंवा तपासणीच्या छोट्या यंत्रावर लावून तो चालतोय हे बघायचं. मग पेटीत फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थिंग, न्यूट्रल आणि अर्थिंग, अशा तिन्ही जोड्या मोजायच्या, प्रत्येक बाहेर जाणाऱ्या तारेवर. आणि शेवटी टेस्टर पुन्हा त्याच चालू ठिकाणी लावून बघायचा. हा शेवटचा भाग लोक सोडतात. मधल्या दोन मिनिटांत टेस्टरची बॅटरी संपली किंवा वायर तुटली तर तुम्ही मोजलेलं प्रत्येक शून्य खोटं असतं.

## त्या पेटीत काय सापडलं

इन्व्हर्टरचं बटण बंद करायला मी माझ्या मदतनीसाला सांगितलं. त्याने प्लग काढला, बटण राहिलं. दोन खोल्यांतले दिवे दिवसा बंद होते, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. आम्ही मेन पाडला, कुलूप लावलं, ग्रिपा काढल्या आणि मोजायला लागलो.

सहाही ग्रिपांच्या जागी तिन्ही जोड्या शून्य. पेटीच्या मागच्या कोपऱ्यात काळी टेप गुंडाळलेला एक जोड होता. त्या दोन खोल्यांच्या दिव्यांची फेज कोणी तरी ग्रिपमधून काढून इन्व्हर्टरकडून आलेल्या तारेला तिथे जोडली होती. इन्व्हर्टरची न्यूट्रलही एका वेगळ्या वायरने पेटीतल्या न्यूट्रलच्या पट्टीवर आणली होती. टेप सोलली. जोड आणि अर्थिंग यांच्यात टेस्टर लावला, काहीच नाही. पेचकसवाला टेस्टर लावून मुद्दाम बघितला, दिवा अगदी अंधुक, लक्ष नसेल तर दिसणार नाही इतका. मग एक सळई जोडावर आणि दुसरी न्यूट्रलच्या पट्टीवर ठेवली. २२० व्होल्ट.

हे असं का होतं, ते बघण्यासारखं आहे. एरवी घरातली न्यूट्रल पुरवठ्याच्या टोकाला जमिनीशी जोडलेली असते, म्हणून फेज आणि जमीन यांच्यातही २३० व्होल्ट मिळतात. हा मेन फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा होता. तो पाडल्यावर घरातल्या न्यूट्रलचा जमिनीशी संबंध सुटला. इन्व्हर्टरची वीज आता एखाद्या तरंगत्या पुलासारखी होती. पुलाच्या दोन टोकांमध्ये पूर्ण २२० व्होल्ट, पण जमिनीच्या तुलनेत काहीच पक्कं नाही. जमिनीच्या भरवशावर मोजणारं प्रत्येक साधन अशा वेळी फसतं. आणि पेटी काढताना माणूस एका हाताने तारा धरून दुसऱ्या हाताने न्यूट्रलच्या पट्टीचे स्क्रू सोडतो. म्हणजे नेमकी ती दोन टोकं त्याच्या दोन हातांत येतात.

इन्व्हर्टरचं बटण बंद केलं, जोड पुन्हा तिन्ही जोड्यांनी मोजला, टेस्टर पुन्हा तपासला. सगळं मिळून चार मिनिटं गेली.

## मेनच्या वरचं काय?

मेन पाडला तरी मेनच्या वरच्या बाजूला, मीटरकडून येणाऱ्या तारांमध्ये, वीज असतेच. ती घरातल्या कुठल्याही स्विचने जात नाही. तिथल्या शॉर्टसर्किटला घरातला कोणताही फ्यूज आडवा येत नाही, आणि ठिणगी इतकी मोठी उडते की पितळ वितळून तोंडावर येतं. मेन स्विचही बदलायचा असेल तर मीटरच्याही आधीचा, पुरवठ्याच्या बाजूचा फ्यूज काढायचं काम वीज पुरवणाऱ्या संस्थेच्या माणसाचं. त्याला लावलेलं सील तोडून स्वतः तो ओढणारे लोक आहेत. मी त्यांच्यासोबत काम करत नाही. आम्ही आधी अर्ज करून वेळ ठरवून घेतली होती. तो माणूस आला, त्याने वरून वीज तोडली, आणि मग मेनच्या वरच्या तारांवरही तिन्ही जोड्या मोजून आम्ही पुढे गेलो.

## जुन्या तारा सोडवताना

पेटीतून तारा काढण्याआधी प्रत्येक फेजला आणि तिच्याच न्यूट्रलला एकच आकडा लावायचा. एक नंबरची फेज, एक नंबरची न्यूट्रल. जुन्या पेटीत सगळ्या न्यूट्रल एका पट्टीवर गोळा केलेल्या असतात, त्यामुळे कोणती कोणाची हे बघून कळत नाही. वीज बंद असताना खोलीतल्या टोकाला फेज आणि न्यूट्रल तात्पुरत्या जोडून पेटीकडून सलगता, म्हणजे वाट अखंड आहे का ते मोजायचं, म्हणजे जोडी सापडते. या कामाला वेळ लागतो आणि त्याचा उपयोग पुढे कळतो.

अगदी जुन्या घरात रबराचं आवरण असलेल्या वायरी निघतात. हात लावला की आवरणाचा भुगा पडतो. तसं झालं तर तिथेच थांबायचं. अशा वायरीवर नवा बोर्ड लावून काही साधत नाही, वायरिंगच बदलावं लागतं.

काही जुन्या पेट्यांत न्यूट्रलमध्येही फ्यूज घातलेले असतात. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला की दिवा बंद होतो पण होल्डरमध्ये फेज तशीच उभी असते. दिवा गेला म्हणजे वीज गेली असं समजून माणूस हात घालतो. नव्या बोर्डात न्यूट्रल एकटी कधीच तुटू द्यायची नाही.

एमसीबी निवडताना आकडा उपकरणावरून नाही, तर सगळ्यात बारीक वायरीवरून ठरतो. दीड चौरस मिलिमीटरच्या दिव्यांच्या वायरीला आम्ही १० अँपिअर घातला, अडीचच्या सॉकेटना १६. “पडतोय, मोठा टाका” ही मागणी म्हणजे तीन पदरांचीच नवी आवृत्ती आहे.

बोर्ड जोडताना एक चूक मी अनेक ठिकाणी पाहिली आहे आणि ती डोळ्याला दिसत नाही. एमसीबीच्या खालच्या छिद्रात एक छोटी चौकट असते. स्क्रू फिरवला की ती वर सरकते आणि तार दाबून धरते. घाईत तार चौकटीच्या आत न जाता मागच्या फटीत जाते. स्क्रू फिरतो, घट्टही होतो, तार मात्र नुसती टेकलेली. महिन्याभराने तिथे प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, आणि जळका वास येतो. म्हणून प्रत्येक स्क्रू घट्ट केल्यावर तार हाताने ओढून बघायची. स्क्रू किती आवळायचा ते निर्मात्याने दिलेलं असतं, आणि त्यासाठी मोजून आवळणारा पेचकस मिळतो.

## वीज परत आणण्याआधी

बोर्ड लागला तरी मेन लगेच वर करायचा नाही. वीज बंद असतानाच आवरणाची तपासणी करायची. मेगर नावाचं यंत्र ५०० व्होल्टचा दाब देऊन तारेतून अर्थिंगकडे किती गळती होते ते सांगतं. त्याआधी दिवे काढायचे, प्लग काढायचे, इलेक्ट्रॉनिक वस्तू नक्की काढायच्या, नाहीतर त्या या दाबाने जातात. फेज आणि न्यूट्रल एकत्र धरून अर्थिंगच्या विरुद्ध मोजायचं. किमान १ मेगओहम हवं, आणि चांगल्या वायरिंगमध्ये ते त्याच्या कितीतरी पट येतं.

आजोबांच्या घरात पाच सर्किटं उत्तम निघाली. गीझरच्या चार नंबरवर आकडा आला ०.०१ मेगओहम, म्हणजे १०,००० ओहम. गीझर भिंतीत थेट जोडलेला होता, प्लग नव्हता. त्याच्या तारा सोडवल्या आणि आकडा एकदम चांगला झाला. म्हणजे वायर ठीक, गीझरची आतली कॉइल गळत होती. हिशोब करून बघा. २३० भागिले १०,००० म्हणजे २३ मिलिअँपिअर. जुन्या फ्यूजला याचा पत्ताही लागला नसता. आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडतो, तेव्हा २३ ला तो बहुधा पडलाच असता.

मग सगळे एमसीबी आणि आरसीसीबी बंद ठेवून मेन वर. येणाऱ्या तारांवर फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थिंगही तेवढेच, न्यूट्रल-अर्थिंग शून्याच्या जवळ. हे जुळलं की आरसीसीबी वर, त्याचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का ते बघायचं, आणि मग एकेक एमसीबी. सगळे एकदम वर केले आणि काही पडलं तर कोणामुळे ते शोधत बसावं लागतं.

## “पूर्वी काहीच होत नव्हतं, आता सारखा पडतो”

बोर्ड बदलल्यावर येणारी ही सगळ्यात मोठी तक्रार. लोकांना नवा बोर्ड वाईट वाटतो. बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असतं.

एक म्हणजे वर सांगितलेली गळती. ती पूर्वीही होती, कोणी मोजत नव्हतं इतकंच. गीझरला हात लावून झिणझिण्या येतात असं आजींनी सांगितलंही होतं. त्या घरात अर्थिंगची जोडणीच गीझरपर्यंत पोचलेली नव्हती. आणि इथे बोर्डाची मर्यादा येते. नवा बोर्ड लावल्याने अर्थिंग तयार होत नाही. अर्थिंग नसलं तरी आरसीसीबी काम करतो, पण तेव्हा गळतीला जमिनीकडे जायला वाट कोणी तरी हात लावल्यावरच मिळते. अर्थिंग असेल तर कोणी हात लावायच्या आधीच तो पडतो. म्हणून मेगर लावायच्या आधीच आम्ही गीझरपर्यंत अर्थिंगची वायर नव्याने ओढली होती.

दुसरं कारण उसनी न्यूट्रल. बोर्डात दोन आरसीसीबी असतील तर प्रत्येकाची न्यूट्रलची पट्टी वेगळी असते. जुन्या वायरिंगमध्ये एका खोलीच्या दिव्याची फेज एका सर्किटची आणि न्यूट्रल जवळ पडते म्हणून दुसऱ्या सर्किटची घेतलेली असते. जिन्यातल्या दोन बटणांच्या दिव्यात हे हमखास आढळतं. आता वीज एका पहारेकऱ्यासमोरून आत जाते आणि दुसऱ्यासमोरून बाहेर येते. दोघांचेही हिशोब चुकतात आणि दिवा लावला की दोघांपैकी एक तरी पडतो, कधी दोन्ही. तारांना आकडे लावताना जोड्या शोधण्यात घालवलेला वेळ इथे वसूल होतो.

या दोन्हींवर काही जण एक सोपा उपाय करतात, आरसीसीबीला वळसा घालून तारा थेट जोडतात. बोर्ड नवा दिसतो, खटका पडत नाही, आणि माणसासाठी बसवलेलं एकमेव साधन बोर्डात शोभेला उरतं. तुमच्या घरी तसं झालं आहे का हे कळायला सोपं आहे. टेस्टचं बटण दाबा आणि घरभर फिरून बघा. ज्या सॉकेटमध्ये वीज अजून आहे, ते त्या आरसीसीबीच्या मागे नाही. दोन आरसीसीबी असतील तर दोन्ही पाडून बघा. निर्माता सांगतो त्या मुदतीत, दर काही महिन्यांनी, हे बटण असंही दाबायचं असतं, कारण वर्षानुवर्षं न हललेला खटका आतून जाम होतो. मात्र बटणामुळे फक्त खटका चालतो हे कळतं. अर्थिंग आहे की नाही, ते कळत नाही.

आजोबांच्या बोर्डाच्या दारावर आतून आम्ही कागद चिकटवला, कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा, आणि इन्व्हर्टर कुठून येतो. चार नंबरचा एमसीबी खाली पाडून त्यावर चिठ्ठी लावली, कॉइल बदलेपर्यंत लावू नये. तीन पदरांची ग्रिप आजोबांनी मागून घेतली. नातवाला दाखवायची आहे म्हणाले.